वेबसाइट १२ हजारात झाली, मग ॲपला पावणेदोन लाख कशाचे? (सोलापूर)

नवीपेठचा दुकानदार
नमस्कार मंडळी. नवी पेठेत आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. मागच्या वर्षी ओळखीच्या एका मुलाने १२ हजारात वेबसाइट करून दिली. पत्ता, फोटो, भाव, सगळं आहे. आता त्यालाच म्हटलं, हेच ॲपमध्ये करून दे, लोक घरबसल्या ऑर्डर देतील. त्याने १ लाख ७५ हजार सांगितले. फोटो तेच, चादरी त्याच, मग एवढा फरक? पोरगा फसवणारातला नाही, पण त्याला नीट सांगता येईना. कुणी समजावेल का?

पार्कचौक
शेठ, सोपं आहे. ॲपवर विक्री झाली की गूगल आणि ॲपल ३० टक्के कापतात. ते त्याने आधीच धरलंय.

कोडवाली जुळे सोलापूर
पार्कचौक, ते कमिशन गेममधली नाणी वगैरे फोनवरच वापरायच्या गोष्टींवर असतं. चादर कुरिअरने जाते, तिला ते लागत नाही.

काका, तुमचा प्रश्न रास्त आहे. घोळ आहे तो 'हेच' या शब्दात. आत्ताची वेबसाइट म्हणजे दुकानाची पाटी. ती वाचून गिऱ्हाईक फोन करतं आणि पुढचं सगळं तुम्ही सांभाळता. ऑर्डरचं बटण आलं की ते सांभाळणं प्रोग्रामकडे जातं.

समजा मरून जेकार्डची एकच चादर उरली. पुण्याच्या एक बाई ॲपवर ९५० रुपये भरतायत आणि तेवढ्यात गड्डा यात्रेच्या गर्दीत तुमच्या माणसाने तीच चादर काउंटरवर बांधून दिली. आता बाईंना काय सांगणार? म्हणून त्यांनी पैसे भरायला घेतले की ती चादर, समजा दहा मिनिटं, बाजूला ठेवायची. ते काउंटरवरच्या माणसालाही दिसलं पाहिजे आणि तिथे विकलेलं ॲपला कळलं पाहिजे. म्हणजे त्याच्यासाठी वेगळा स्क्रीन आला आणि दोन्हीकडचा साठा एकाच जागी मोजणारा सर्व्हर आला.

आता पैसे कापले गेले, पण बाईंचं नेट गेलं. त्यांच्या फोनला काहीच कळलं नाही. पेमेंट गेटवे आपल्या सर्व्हरला वेगळा निरोप धाडतो, तो कधी उशिरा येतो, कधी दोनदा. दोनदा आला म्हणून दोन चादरी पाठवायच्या नाहीत. दहा मिनिटं उलटल्यावर आला आणि चादर गेलेली असेल, तर पैसे परत करायचे. गिऱ्हाइकाला दिसतं फक्त 'ऑर्डर झाली'. त्यामागच्या अशा प्रत्येक वाटेवर मुद्दाम बिघाड करून बघावा लागतो. पैसे भरता भरता फोनचं नेट बंद करणं हे माझं निम्मं काम आहे, घरच्यांना वाटतं मी खेळतेय.

बिलवाला
आमच्या किराणा दुकानाचं बिलिंगचं ॲप वर्षाला ३ हजारात आहे. साठासुद्धा दाखवतं. पावणेदोन लाख म्हणजे अतीच!

कोडवाली जुळे सोलापूर
दादा, ते तयार शिवलेलं ॲप. एकदा बनवलं आणि हजारो दुकानांना दिलं, म्हणून परवडतं. काकांनी मापाचं सांगितलंय. पण तयार ॲपमध्ये त्यांचं भागत असेल, तर आधी तेच बघावं, यात तुमचं बरोबर आहे.

नवीपेठचा दुकानदार
ताई, चादरीचं उदाहरण पटलं. असं आमच्याकडे फोनवरच्या ऑर्डरीतही झालंय. मग हे सगळं वेबसाइटवरच केलं तर स्वस्तात होईल?

कोडवाली जुळे सोलापूर
थोडं. साठा आणि पेमेंटचं काम तेवढंच राहतं, त्यामुळे १२ हजारात ते वेबसाइटवरही होणार नाही. वाचतो तो ॲपचा वेगळा व्याप. ॲप स्टोअरवर टाकायला गूगलच्या डेव्हलपर खात्याला २५ डॉलर एकदाच भरायचे, ॲपलला ९९ डॉलर दरवर्षी. स्वतःच्या नावावर गूगलचं असं नवं डेव्हलपर खातं काढलं, तर सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी १२ जणांनी ॲप सलग १४ दिवस चाचणीसाठी ठेवावं लागतं. शिवाय दरवर्षी नव्या अँड्रॉइडसाठी ते सुधारत राहावं लागतं. सोडून दिलं तर पुढे नव्या फोनवाल्यांना ते प्ले स्टोअरवर सापडतच नाही. वेबसाइटवरची चूक दुरुस्त केली की सगळ्यांना लगेच नवं पान दिसतं. ॲपमधली दुरुस्त केली तरी ज्यांनी अपडेट केलं नाही, त्यांच्या फोनात जुनंच चालू असतं.

त्या मुलाला तीन गोष्टी विचारा: आयफोन धरलाय का, सर्व्हरचं भाडं कोण भरणार, पुढच्या वर्षीची देखभाल यात आहे का. तोवर वेबसाइटवर प्रत्येक चादरीखाली व्हॉट्सॲपचं बटण लावून घ्या. लिंक अशी असते, नंबर तुमचा टाकायचा:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=मरून%20जेकार्ड%20हवी
```

दाबलं की चादरीचं नाव लिहिलेला मेसेज तयार होतो. साठा बघून उत्तर तुम्ही द्यायचं, जसं आज देता.

पार्कचौक
कमिशनचं माझं चुकलं. पण एका दुकानासाठी लोक ॲप ठेवतील का फोनमध्ये? माझ्या बायकोने बँकेचंसुद्धा काढून टाकलं होतं, जागा नाही म्हणून.

नवीपेठचा दुकानदार
मुलाला फोन केला. आयफोन धरलेला नाही, देखभाल एकच वर्ष. व्हॉट्सॲपचं बटण उद्या लावतो म्हणाला, पैसे नको म्हणाला. पण काउंटरवरच्या आमच्या माणसाला तो दुसरा स्क्रीन सांगितला, तर तो म्हणतो, "गड्ड्यात मला पाणी प्यायला फुरसत नसते, प्रत्येक चादरीला बटण कोण दाबणार?" ताई, यावर काय करतात?

कोडवाली जुळे सोलापूर
काही जण ॲपसाठी वेगळा गठ्ठाच बाजूला काढतात, काउंटरने त्याला हात लावायचा नाही. पण मग तो माल अडकून पडतो. तुमच्याकडे एका डिझाइनच्या साधारण किती चादरी असतात?