अनुभव धागा: पहिल्या कादंबरीचा खर्डा आणि चार वाचकांची चार तोंडं

माळ्यावरची
दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर जुन्या खर्ड्याच्या चार झेरॉक्स सापडल्या. कोकणातल्या घराच्या वाटणीची गोष्ट. सातवं प्रकरण म्हणजे आई माजघरात बसून भांडी मोजते, बाकी काही घडत नाही. मावशीने लिहिलंय, "इथे रडले, अजून वाढव." ऑफिसातल्या मैत्रिणीने, "काढून टाक." तिसऱ्याने नुसतंच "हं." तेव्हा महिनाभर पेन उचललं नव्हतं. तुमचं काय झालं?

खडूफळा
बहुमत घ्यायचं. चारात तीन म्हणाले की बदलायचं.

आजोळ
@खडूफळा, अर्धं पटलं. वाचक कुठे अडखळले ते मोजावं, पण उपाय मोजू नये. मी वाचकांना एवढंच सांगते की जिथे पुस्तक खाली ठेवलंत तिथे पेन्सिलीने रेघ मारा. माळ्यावरची, तुझ्या रेघा कुठे आहेत?

माळ्यावरची
थांबा, कुकर लावून बघते.

चिंचगुळ
मला कोणी वाचकच मिळत नाही, तुम्हाला चार! माझ्या कविता वाचणार का कोणी?

माळ्यावरची
बघितलं. मावशी सोडून तिघांनी पान 84 ते 90 मध्येच ठेवलंय. आणि गोष्टीतल्या भाऊने वाटणीच्या कागदांवर आधीच सह्या केल्यात हे वाचकाला कळतं पान 110 वर!

आजोळ
मग सातव्यात खोट नाही. वाचकाला माहीतच नाही की ही भांडी जाणार आहेत, म्हणून त्याला ती नुसती यादी वाटते. मावशीला तुमच्या घरची वाटणी ठाऊक असणार, म्हणून ती रडली.

माळ्यावरची
अगं हो! सह्यांचा प्रसंग सरळ साठाव्या पानाच्या आसपास आणला तर? सातव्यातला शब्दही न हलवता?

आजोळ
करून बघ. पण तपासायला या चौघांना देऊ नकोस, त्यांना शेवट माहीत झालाय. पहिलं वाचन एकदाच होतं. म्हणून मी दोन वाचक दुसऱ्या खर्ड्यासाठी राखून ठेवते.

खडूफळा
आणि मालवणी संवाद कळत नाहीत म्हणाले तर? माझ्या वऱ्हाडीवर पुण्याच्या मित्राने पानभर लाल केलं. मी सगळं प्रमाण मराठीत आणलं आणि आजी टीव्हीवरच्या बातम्या वाचल्यासारखी बोलायला लागली 😄

आजोळ
हाहा. मी बोली ठेवली, फक्त कोण कोणावर चिडलंय ते कृतीतून कळेल असं केलं. खर्डा देण्याआधी "ही गोष्ट कशाची" हे एका ओळीत लिहून ठेवते. त्या ओळीला धक्का लावणारी सूचना कितीही हुशार असली तरी ती दुसऱ्या कादंबरीची.

चिंचगुळ
ती ओळच चुकली असेल तर?

आजोळ
माझी एकदा चुकली होती. तिसऱ्या खर्ड्यात कळलं. त्यावर उपाय नाही सापडला.

माळ्यावरची
कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कोणी मोजल्या का? जाते. @चिंचगुळ, कविता पाठव, पण मी पेन्सिल घेऊन बसणार.