अनुभव धागा: गिऱ्हाईकाचं लांबलचक मत ब्रोशरच्या चौकोनात बसवताना तुम्ही काय काय कापलं?

महालातला_डीटीपीवाला

नमस्कार मंडळी. मी नागपूरला महालात डीटीपी आणि छोटंमोठं कॉपीचं काम करतो. सध्या एका सोलरवाल्याचं ब्रोशर हातात आहे, तीन घड्यांचं, मागच्या पानावर गिऱ्हाईकांच्या मतांसाठी चौकोन ठेवलाय, त्यात मोठ्या मुश्किलीने तीस शब्द बसतात. आणि मानेवाड्याच्या एका रिटायर्ड मास्तरांनी मोबाईलवर बोलून पाठवलंय ते असं, मी ऐकून जसंच्या तसं उतरवलं:

"नमस्कार, मी मानेवाड्याले राह्यतो. मागच्या वर्षी जानेवारीत आम्ही तीन किलोवॅटचं सोलर बसवलं. पोरं चांगली होती, दोन दिवसात काम उरकलं, तारा-बिरा नीट पाईपातून घेतल्या. मीटर बदलून यायला मात्र दीड महिना गेला, तोवर बिल तसंच येत होतं. आता बिल साडेतीन हजारावरून तीनशे-चारशेवर आलं, पण हे हिवाळ्यातलं सांगून राह्यलो, मे महिन्यात एसी अन् दोन कूलर चालले तं अठराशे आलं होतं. पावसाळ्यात पॅनल तेवढं देत नाही. तरी मी म्हणीन की घ्या, पैसे वसूल होऊन राह्यले. फक्त गच्चीवर सावली नको, आम्हाले बाजूच्या आंब्याची फांदी तोडा लागली."

मालकाने स्वतः छोटं करून पाठवलं: "बिल साडेतीन हजारावरून तीनशेवर आलं! घ्या, पैसे वसूल होऊन राह्यले." म्हणतो, एक शब्द माझा नाही, सगळे मास्तरांचेच आहेत. तसं पाहिलं तर खरंय, पण वाचून पोटात गोळा आला. तुमचे असे अनुभव सांगा, कुठे कापलं, कुठे फसलं, बोलणारा माणूस नंतर भेटला तेव्हा काय म्हणाला.

कूलरवाला_भाऊ

आमच्यासोबत पण हेच झालं, मॅपवर एकाने एक स्टार दिला, काढतच नाही ना बे. कोणाले माहीत आहे का तो कसा उडवायचा? आमचा माणूस वेळेवर गेला होता, त्याच्याच घरी पाणी नव्हतं टाकीत.

महालातला_डीटीपीवाला

भाऊ तो विषय वेगळा, इथे चांगलंच बोललेलं लहान करायचं आहे.

तीन_टिंबं

सोप्पं आहे, एवढं काय. जिथे कापलं तिथे तीन टिंबं टाकायची, वाचणाऱ्याला कळतं मधलं काढलंय म्हणून. आम्ही कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत कायम असंच करतो. आणि तेही नको असेल तर अवतरणचिन्ह काढून टाका, आपल्या शब्दात लिहा, मग कोणी काही बोलू शकत नाही.

जुना_उपसंपादक

वर टिंबांबद्दल लिहिलंय ते अर्धं बरोबर आहे. टिंबं टाकल्याने कापलंय एवढं कळतं, काय कापलंय ते कळत नाही. आणि मराठीत तर तेवढंही कळत नाही, कारण आपण सगळे मेसेजमध्ये श्वास घेतल्यासारखी टिंबं टाकतो, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं माणूस जरा थांबला असेल. "बिल तीनशेवर आलं... घ्या" यात मे महिना गेला हे कोणाच्या बापाला कळणार नाही. अवतरणचिन्हं काढायचं म्हणाल तर खाली मास्तरांचं नाव आणि फोटो असेल तोवर ते मत त्यांचंच राहतं, शब्द कोणाचेही असोत.

मी पंचवीस वर्षं वाचकांची पत्रं छाटली. पत्र कापताना आधी लाल पेन हातात घ्यायचं नाही, आधी हिरव्याने 'पण', 'मात्र', 'तरी', 'फक्त', 'तसं' यांना गोल करायचं. गोलाच्या एका बाजूचं ठेवलं तर दुसऱ्या बाजूचंही ठेवायचं, नाही तर दोन्ही काढायचं. मास्तरांच्या मजकुरात पाच गोल होतात: मीटरचा 'मात्र', हिवाळ्याचा 'पण', 'पावसाळ्यात... तेवढं', 'तरी मी म्हणीन', आणि 'फक्त गच्चीवर'. मालकाच्या दोन वाक्यांत यातला एकही उरला नाही. शब्द मास्तरांचे आहेत हे कबूल, पण मास्तर म्हणाले "इतक्या भानगडी असूनही घ्या", आणि छापून येतंय "काहीच भानगड नाही, घ्या". तो 'तरी' गेला आणि माणूसच बदलला. तीनशे-चारशेचं नुसतं तीनशे झालं ते तर वेगळंच.

आणि एक विचारतो, ते साडेतीन हजार कोणत्या महिन्याचे?

महालातला_डीटीपीवाला

बाप्पा. हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता फोन केला मास्तरांना. म्हणाले, "अरे ते मी असंच अंदाजे वर्षाचं बोललो, आधी मे महिन्यात पाच-साडेपाच हजार जायचं अन् डिसेंबरात दीड हजार."

जुना_उपसंपादक

पहा म्हणजे. डिसेंबरचं दीड हजाराचं साडेतीनशे झालं आणि मे मधलं पाच हजाराचं अठराशे. दोन्ही फायदे चांगले आहेत, पण तुमच्या चौकोनात वर्षभराचा अंदाज एका बाजूला आणि हिवाळ्याचं बिल दुसऱ्या बाजूला बसत होतं. लांब मजकुरात मागोमाग "पण हे हिवाळ्यातलं" होतं म्हणून ते धकून गेलं असतं, छोट्यात धकत नाही. म्हणून आकड्याचं वाक्य असेल तर कापायच्या आधी बोलणाऱ्याला एक फोन करायचा. त्यांनी नवीन सांगितलं तर ते नवीन छापा, त्यांच्या होकाराने. आपण होऊन आकडा सुधारायचा नाही, भले आपला बरोबर असो.

कायद्याचंही सांगून ठेवतो, मालकाला दाखवायला कामी येईल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात आहे की जाहिरातीतलं मत हे त्या माणसाचं खरं, बऱ्यापैकी ताजं आणि पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर बेतलेलं पाहिजे. २०१९ च्या ग्राहक कायद्यात जाहिरातीची व्याख्या इतकी रुंद आहे की परिपत्रक, लेबल, बिलसुद्धा त्यात येतं, ब्रोशर कुठे जाणार.

जंगलवेडी

माझा अनुभव 'च' चा आहे. आमच्या नातेवाइकांचा पेंचच्या बाजूला होमस्टे आहे, पाहुण्यांची वही मीच टाईप करते. एका बाईंनी लिहिलं होतं, "तीन सफारी केल्या, वाघ नाही दिसला, खोलीत पंख्याचा आवाज होता, जेवणच काय ते छान होतं." मी पत्रकासाठी शेवटचा तुकडा घेतला आणि टाईप करताना लिहिलं "जेवण छान होतं". शप्पथ सांगते मुद्दाम नाही केलं, 'च काय ते' मला वाक्यातलं पाल्हाळ वाटलं. छापून झाल्यावर वही परत उघडली तेव्हा ट्यूब पेटली की बाई तक्रार करत होत्या, की बाकी सगळं बेकार, एक जेवण तेवढं धड. आणि आम्ही त्यांना खुश पाहुण्या करून टाकलं. पाचशे पत्रकं होती, दीडशे वाटून झाली होती. उरलेल्यांवर दुसऱ्या पाहुण्याचं मत छापलेली पट्टी चिकटवली, रात्री बसून, दोघी बहिणींनी.

तेव्हापासून 'च', 'तरी', 'बरं', 'तसं' दिसलं की हात थांबतो. "तसं बरं आहे" याच्यातून "बरं आहे" काढता येत नाही आणि त्याचं "चांगलं आहे" तर अजिबात करता येत नाही.

शुभदा_धरमपेठ

मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे माझंच मत कापलं गेलं. लेकाच्या क्लासवाल्यांनी दोन ओळी मागितल्या, मी जीव ओतून पानभर लिहून दिलं, की त्याला गणिताची भीती होती ती गेली, सर प्रेमाने शिकवतात, पण बॅचमध्ये मुलं फार आहेत आणि शंका विचारायला नंबर लागतो, आम्ही घरी रोज तासभर घेतला म्हणून जमलं. पत्रकात आलं, "त्याची गणिताची भीती गेली, सर प्रेमाने शिकवतात." खोटं काहीच नाही. पण सोसायटीतल्या दोघींनी माझं नाव वाचून मुलांना तिथे घातलं आणि दिवाळीनंतर मला विचारलं, तुम्ही तर काही बोलल्या नव्हत्या गर्दीचं. काय सांगू? मी तर बोलले होते. नुसता प्रूफचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला असता तरी मी म्हटलं असतं की "घरी रोज तासभर घेतला" एवढं तरी ठेवा, बाकी काढा.

तीन_टिंबं

पण ताई, सगळंच ठेवलं तर ब्रोशर कशाला, तक्रारपेटीच लावा. जागा असते का तेवढी? कोणीही पैसे देऊन स्वतःची खोट छापत नाही.

जुना_उपसंपादक

सगळं ठेवा कोणी म्हणत नाही. पावसाळ्याचं आणि आंब्याचं मीही काढीन, ते प्रत्येक गच्चीला वेगळं असतं आणि सोलरवाला पाहणीला येतो तेव्हा सांगतोच. नमस्कार, मानेवाडा, जानेवारी, किलोवॅट हे तर डोळे मिटून जातं. शुभदाताईंचं मात्र वेगळं आहे, घरचा तासभर हे फळ कशामुळे मिळालं त्याचं अर्धं कारण होतं, ते काढलं की श्रेय सगळं क्लासला गेलं.

माझी जुनी पद्धत अशी, छोटं केलेलं घरातल्या कोणाला वाचायला द्यायचं आणि विचारायचं, हे घेतलं तर तुला काय मिळेल असं वाटतं? मग पूर्ण द्यायचं. "अच्छा, असं होय" म्हणाले तर चुकीच्या जागी कापलंय.

महालातला_डीटीपीवाला

करून पाहिलं. बायकोला मालकाचं वाचायला दिलं, म्हणाली मग एसी दिवसभर लावता येईल. पूर्ण वाचल्यावर माझ्याकडे पाहून नुसती हसली.

आता हे केलंय, बिलाचं वाक्य मास्तरांनी फोनवर नव्याने सांगितलं ते घेतलं, बाकी त्यांचंच, त्याच क्रमाने:

"दोन दिवसात काम उरकलं, तारा-बिरा नीट पाईपातून घेतल्या. मीटर बदलून यायला मात्र दीड महिना गेला. हिवाळ्यात बिल तीनशे-चारशे येते, मे महिन्यात अठराशे आलं होतं. तरी मी म्हणीन की घ्या."

एकोणतीस शब्द. मास्तरांना प्रूफ पाठवलं, त्यांचा होकार आला, तो मेसेज आणि मूळ रेकॉर्डिंग दोन्ही त्याच फोल्डरमध्ये ठेवलं. मालक मीटरच्या वाक्यावर अडून बसला होता. मी म्हटलं, भाऊ, मीटरची वाट पाहणारं गिऱ्हाईक दर आठवड्याला तुम्हालाच फोन करून शिव्या देते ना, ते आधीच वाचून आलं तर तुमचेच फोन कमी होतील. गप्प बसला, हो म्हणाला नाही अजून.

जंगलवेडी

मस्त झालंय. पण एक शंका, "येते", "म्हणीन" असंच ठेवणार? पुण्या-मुंबईकडचं कोणी वाचलं तर हसेल. मी आमच्या वहीतलं सगळं शुद्ध करून घेते.

शुभदा_धरमपेठ

नको हो, मास्तर मास्तरांसारखेच बोलू देत. 'म्हणीन'चं 'म्हणेन' केलं की ऑफिसात बसून लिहिल्यासारखं वाटतं.

जुना_उपसंपादक

आम्ही पत्रांचं व्याकरण सुधारायचो, बोली नाही. पण ती रेघ कुठे ओढायची यावर आमच्या टेबलावर रोज भांडण व्हायचं. माझ्या मते मास्तरांनाच विचारा.

महालातला_डीटीपीवाला

विचारलं. म्हणतात, "मी चाळीस वर्षं मराठी शिकवलं, छापताना शुद्ध कर." आता मूळ बोललेलं ठेवू की त्यांनी सांगितलेलं, सांगा.

कूलरवाला_भाऊ

त्या एका स्टारचं राह्यलंच ना भाऊ.