शब्दचर्चा: नारळ ‘फोडणे’ की ‘वाढवणे’?

मृणाल (टिळकवाडी, बेळगाव): आमच्या गल्लीच्या गणेशोत्सवात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी चार मिनिटांचं निवेदन लिहायचं आहे. विषय आहे पूजेत नारळ का फोडतात आणि तो कशाचं प्रतीक आहे. पहिला मसुदा असा:

“नारळाची कठीण करवंटी म्हणजे माणसाचा अहंकार. तो देवापुढे फोडला की आतलं शुभ्र, निर्मळ मन दिसतं. तीन डोळे म्हणजे शंकराचे तीन नेत्र.”

अडचणी दोन आहेत. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, ‘फोडणे’ लिहू नको, ‘वाढवणे’ लिही. आणि मसुदा वाचलेल्या नववीतल्या मुलाने विचारलं, “शेजारचे कन्नड लोक सरळ ‘काई ओडियूदु’ म्हणतात, म्हणजे फोडणेच. मग त्यांचा देव कसा रागवत नाही?” याला काय सांगू?

संकेत (अनगोळ): ‘वाढवणे’च बरोबर. आणि नारळापेक्षा ‘श्रीफळ’ लिही, तेच मूळ नाव. पूर्वी नरबळी द्यायचे, त्याऐवजी पुराणात नारळ सांगितला. शेंडी, डोळे, तोंड, सगळं माणसाच्या डोक्यासारखं असतं म्हणून. मुलांना हे लगेच पटतं.

वसंत जोशी (खानापूर): संकेत, अर्धं बरोबर आहे. अर्ध्यात घोटाळा आहे.

‘श्रीफल’ हे अमरकोशात बेलाच्या फळाचं नाव आहे. बिल्व, मालूर, श्रीफल हे तिथे एका ओळीतले शब्द. नारळाला संस्कृतात नारिकेल, त्यावरूनच आपला नारळ. मराठीत आज श्रीफळ म्हणजे नारळच, सत्कारात शाल-श्रीफळ देताना कुणी बेलफळ देत नाही. तेव्हा शब्द वापरायला हरकत नाही, पण ‘मूळ नाव’ म्हणू नये.

बळीचं म्हणशील तर कालिकापुराणात कोहळा आणि ऊस बळीसमान मानले आहेत, बकऱ्याच्या बळीइतकी तृप्ती देणारे. त्या श्लोकात नारळ येत नाही. दसऱ्याला शस्त्रपूजेत, गाडीपुढे, गिरणीपुढे कोहळ्यात कुंकू भरून तो आपटतात ना, त्याची परंपरा या वाटेने लावता येते. नारळ डोक्यासारखा दिसतो म्हणून तोही बदली बळी झाला, हे बऱ्याच जणांचं मत आहे आणि त्यात तथ्य असू शकतं. निवेदनात ‘असं मानतात’ एवढंच लिहा, ‘पुराणात सांगितलंय’ नको.

सुमन काकू (निपाणी): मध्येच विचारते, रागावू नका. परवा वास्तुशांतीला आमचा नारळ नासका निघाला. सगळ्यांची तोंडं उतरली. अपशकुन म्हणायचा का?

वसंत जोशी: काकू, मूळ प्रश्न शब्दाचा चाललाय. पण हा प्रश्नही मंडपातली मुलं विचारणारच. बसाप्पा, तू सांग.

बसाप्पा (खडेबाजार, नारळाचा व्यापार): काकू, नासका निघाला म्हणून काही होत नाही. काही घरांत तर म्हणतात, पीडा त्यात गेली. दुसरा आणायचा आणि वाढवायचा. पण नारळ का नासतो ते मुलांना सांगायला पाहिजे, त्यात शेंडीचं कोडं सुटतं.

नारळाला तीन डोळे असतात, देठाच्या बाजूला. त्यातले दोन बंद, एक मऊ. कोंब त्या मऊ डोळ्यातून बाहेर येतो, आणि ओल, बुरशीसुद्धा तिथूनच आत शिरते. म्हणून नारळ सोलताना डोळ्यांवरचा काथ्या ठेवतात. तीच शेंडी. शेंडी काढून ठेवलेला नारळ लवकर बिघडतो. पूजेचा नारळ शेंडीसकट घ्यायचा आणि डोळे उघडायचे ते वाढवायच्या वेळेला.

घेताना कानाजवळ धरून हलवा. पाणी खळखळ वाजलं, नारळ हाताला जड लागला, तर चांगला. अजिबात आवाज नाही, पण जड आहे, तर कोवळा, पाणी काठोकाठ भरलेलं. आवाज नाही आणि हलका आहे, तर कुठेतरी तडा जाऊन पाणी गळालेलं. आणि पाण्याऐवजी आत घन काही खडखड आपटत असेल तर गोटा झालाय. खोबरं वाळून करवंटीपासून सुटलेलं असतं. खायला उत्तम, तिपटूरचा व्यवहार त्याच्यावरच चालतो, पण पूजेला नको. करवंटी फुटते आणि आतला गोळा अख्खाच राहतो, वाट्या होतच नाहीत. शेंडीच्या मुळाशी बोट दाबून बघा, ओल किंवा आंबट वास आला तर ठेवून द्या.

मृणाल: हे फार उपयोगाचं आहे. पण माझा ‘वाढवणे’चा प्रश्न राहिलाच.

वसंत जोशी: त्याचं उत्तर असं. आपल्या बोलीत शुभ वस्तूचं तुटणं-फुटणं उच्चारत नाहीत. बांगडी फुटली न म्हणता वाढवली म्हणतात. मंगळसूत्र वाढलं. देवापुढचा दिवा विझवत नाहीत, शांत करतात. निघणारा माणूस ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. त्याच ओळीतला ‘नारळ वाढवणे’. वाईट शब्द टाळून त्याच्या उलट, वृद्धीचा शब्द घ्यायचा. देवाला राग येईल म्हणून नव्हे, बोलणाऱ्याला तो शब्द नको असतो म्हणून.

कन्नडमध्ये नारळापुरता असा पडदा ठेवलेला नाही. पण त्यांनी एक वेगळा फरक राखलाय. देवळात ‘हण्णु-काई’ करून घेतात, म्हणजे केळी आणि नारळ पुजाऱ्याकडे द्यायचे. पुजारी नारळ दोन वाट्यांत फोडतो, देवाला दाखवतो, एक वाटी परत देतो. आणि दुसरं ‘ईडुगाई’. अख्खा नारळ दगडावर जोरात आपटायचा, तुकडे उडतात, ते कुणीही वेचावेत. पहिला नैवेद्य, दुसरा विघ्न दूर व्हावं म्हणून. मराठीत या दोन कृतींना एकच क्रियापद लागतं आणि घोळ तिथेच होतो.

माझ्या मते नैवेद्याच्या नारळाला ‘वाढवणे’ शोभतं. गाडीवरून, माणसावरून ओवाळून आपटलेल्या नारळाला ‘फोडणे’च म्हणावं. तिथे फुटणं हाच हेतू आहे.

संकेत: पण पेपरात ‘प्रचाराचा नारळ फुटला’ छापतात. तो कुठला?

वसंत जोशी: चांगली अडचण काढलीस. तो आरंभाचा नारळ, पूजा असते आणि तरी सगळे ‘फोडला’च म्हणतात. माझा नियम तिथे लंगडा पडतो. आणि ‘नारळ दिला’ म्हणजे कामावरून काढलं, हे तर निरोपाच्या नारळावरून आलेलं. मुलांना हे दोन्ही माहीत असतं, त्यावर हसतील, घ्या निवेदनात.

ज्योती (शहापूर): मला अहंकाराच्या ओळीबद्दल बोलायचंय. प्रवचनात ती हमखास येते, ऐकायला गोड आहे. पण ओटीत नारळ अख्खा घालतात, कलशावर अख्खा ठेवतात, नारळी पौर्णिमेला समुद्राला अख्खा अर्पण करतात. नारळ म्हणजे अहंकार असेल तर आपण सवाष्णीच्या ओटीत अहंकार घालतो का? दहावीतली मुलगी हे नक्की विचारेल.

तिथे नारळ म्हणजे बी आहे. आत कोंब, त्याच्या पोषणाला खोबरं आणि पाणी, वरून करवंटीचं कवच. पुढे जीव धरेल असं फळ, म्हणून ओटीत. बऱ्याच घरांत बायकांनी नारळ वाढवू नये म्हणतात, त्यालाही हेच कारण देतात, बी आणि गर्भ. मला ते पटत नाही, आणि अनेक घरांत बायकाच वाढवतात.

सुमन काकू: आमच्यात नाही चालत. पण बी म्हणतेस ते खरं. आत कोंबाचा गोळा, फूल निघालं की आम्ही शुभच मानतो.

बसाप्पा: कानडी लोकही ‘हूवु’ म्हणतात आणि खूश होतात. खरं तर नारळ रुजायला लागला म्हणून ते फूल येतं. खोबरं-पाणी कोंबाकडे वळतं, म्हणून चव कमी होते. वाईट नसतो तो.

मृणाल: मग मंडपात प्रत्यक्ष वाढवून दाखवताना काय सांगू? मागच्या खेपेला कार्यकर्त्याने दगडावर आपटला, पाणी सगळं पाटावर, आणि एक वाटी तीन तुकडे.

बसाप्पा: डोळ्यांच्या टोकावर किंवा एकाच जागी जोरात मारलं की असं होतं. नारळ आधी पाण्याने धुवायचा. डाव्या तळहातावर आडवा धरायचा, डोळे एका बाजूला. खाली तांब्या. कोयत्याची धार नाही, पाठ वापरायची. बरोबर मधोमध, पोटाच्या रेषेवर, मध्यम ठोका. मग थोडा फिरवून पुढचा ठोका, त्याच रेषेवर. नारळावर डोळ्यांपासून निघालेल्या तीन उभ्या कडा दिसतात, प्रत्येक कडेवर निदान एक ठोका बसू दे. आवाज बदलतो, टणक होता तो बद्द होतो. मग चीर गेलीच समजा. चिरेतून पाणी तांब्यात ओतायचं आणि मगच वाट्या उघडायच्या. मुलांच्या हातात कोयता देऊ नका, दगडाच्या कडेवर हळू ठोकायला सांगा, रेषा तीच.

वसंत जोशी: मृणाल, मसुदा असा करून बघा:

“पूजेतला नारळ दोन तऱ्हांनी फुटतो. नैवेद्याचा नारळ आपण वाढवतो: दोन वाट्या, पाणी तीर्थ म्हणून, खोबरं प्रसाद म्हणून वाटायचं. बंद फळ उघडून सगळ्यांत वाटणं, हा त्याचा अर्थ. ओवाळून टाकलेला नारळ आपण फोडतो: संकट त्याच्यावर जावं म्हणून. काही जण त्यात बळीची जागा पाहतात, काही जण करवंटीत अहंकार पाहतात. आणि ओटीतला नारळ फुटतच नाही, कारण तिथे तो बी आहे.”

शंकराच्या तीन डोळ्यांची ओळ ठेवायची तर ठेवा, पण त्यातला एकच डोळा उघडणारा आहे हे बसाप्पाचं वाक्य शेजारी येऊ दे. मुलांना तेच जास्त आवडेल.

ज्योती: ‘सगळ्यांत वाटणं हा अर्थ’ हेही आपलंच म्हणणं झालं ना? निदान ‘आम्हाला वाटतं’ घाला.

मृणाल: घालते. एकच राहिलं. डोळ्यांकडची वाटी देवाला की घरच्यांना? आमच्याकडे दोन मतं आहेत.

सुमन काकू: डोळ्यांची देवाला.

बसाप्पा: कपिलेश्वराला जाऊन विचारा, मग सौंदत्तीला विचारा, मग तुमच्या गल्लीतल्या पुजाऱ्याला. उत्तरं जुळली तर मला कळवा.