रबर झालेलं पनीर आणि मऊ राहिलेलं पनीर : आपापले अनुभव लिहा

पेठेतली_मुग्धा
काल भाचीचं केळवण होतं, कर्वेनगरला. मटर पनीरमधला तुकडा चमच्याच्या कडेने अलगद तुटला आणि मला एकदम १९९८ मधली बाबांची साठी आठवली. सदाशिव पेठेतला वाडा, पंचवीस माणसं, आणि आईने आयुष्यात पहिल्यांदा पनीरची भाजी करायला घेतलेली. सकाळी दोन किलो पनीर आणलं, चांगलं लालसर तळलं, अकराला रश्शात सोडलं. पंगत बसली साडेबाराला. तोवर पातेलं गॅसवर रटरटत होतं, गार होऊ नये म्हणून. आजोबांनी एकेक तुकडा चघळून पाहिला आणि ताटात डावीकडे, लिंबाच्या फोडीशेजारी ठेवत गेले. सहा तुकडे झाले होते. आई वाढत होती, तिने ते पाहिलं. त्यानंतर आमच्या घरात पनीर आलं नाही ते माझ्या लग्नापर्यंत.

गेल्या रविवारी माझंही तसंच झालं. तळून घातलं, पंधरा मिनिटं उकळलं, दाताखाली कुचकुच. तुम्ही काय करता? रेसिपी नकोय, तुमच्या घरी काय घडलं ते लिहा.

धांदल
गरम पाण्यात टाकून ठेवायचं. पोळ्या लाटतेय, नंतर लिहिते.

निनाद_औंध
मी पाकीट फोडून तुकडे सरळ उकळत्या पाण्यात दहा मिनिटं उकळवतो. मऊ होतात. तळायच्या भानगडीत पडत नाही.

चाफेकळी
आजोबांचं वाचून पोटात तुटलं. आईंना किती लागलं असेल. आमच्याकडे सासूबाई अजून म्हणतात की पनीर हे आपलं नव्हेच, त्यापेक्षा खरवस करा.

कढईवाले_काका
मुग्धाताई, नवी पेठेत बावीस वर्षं मेस चालवली. दर बुधवारी रात्री पनीर असायचं, पोरं तारीख विसरायची पण बुधवार नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पनीर तीन तऱ्हांनी कडक होतं आणि प्रत्येकावर उपाय वेगळा. फ्रिजमधून काढलेलं पनीर कडक लागतं ते आतलं तूप गोठल्यामुळे. ते गरम पाण्यात पंधरा मिनिटांत पूर्ववत होतं, त्याचं काही बिघडलेलं नसतं. तळल्यावर कडक होतं ते वरचं पाणी उडून साल धरते म्हणून. तेही पाण्यात टाकलं की सुटतं, पण कढईतून काढल्या काढल्या टाकलं तर. तिसरा कडकपणा उकळीचा. रश्शात रटरटत राहिलं की पनीर आतून आवळत जातं आणि स्वतःतलं पाणी बाहेर टाकतं. तो कडकपणा पुन्हा जात नाही, काहीही करा. तुमच्या आईंचं पनीर दोन्हीकडून मारलं गेलं, आधी लाल तळण्यात आणि मग दीड तास उकळण्यात.

निनाद, तुमचं अर्धं बरोबर आहे. पाणी उकळा, गॅस बंद करा, मग पनीर टाका. गार पनीर पडलं की पाणी आपोआप उतरतं आणि बोट क्षणभर बुडवता येईल इतकं राहतं. गॅस चालू ठेवून दहा मिनिटं उकळलंत तर एका हाताने मऊ करता आणि दुसऱ्या हाताने आवळता. ताजं, नीट न दाबलेलं पनीर असेल तर तसं उकळताना कडाही झडतात.

निनाद_औंध
कडा झडतात हे खरं आहे, पाणी पांढरं होतं. मला वाटायचं पनीरच भेसळीचं.

इंदुरी_सूनबाई
पालक पनीर हिरवं राहत नाही, काळपट होतं. पालक उकडताना सोडा घालायचा का?

चाफेकळी
@इंदुरी_सूनबाई सोडा नको, चव जाते. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. पण इथे पनीरचं चाललंय बरं का.

इंदुरी_सूनबाई
हो हो, पनीर माझं छान होतं म्हणून विचारलं 😊 आम्ही तळतच नाही.

वारजे_मावशी
तळायचं नाही तर रश्शात फुटत नाही का? माझ्या सुनेचं नेहमी फुटतं. शेवटी पनीर भुर्जीच म्हणायची वेळ येते. पण तेही संपतं, आमचे हे दोन पोळ्या जास्त खातात.

कढईवाले_काका
मावशी, मेसमध्ये तळायचं कारण तेच. पाच किलोच्या पातेल्यात डाव फिरला की कच्चं पनीर तुटतं. घरी चार माणसांना तळायची गरज नाही, हलक्या हाताने ढवळलं की झालं. तळायचंच असेल तर तेल मध्यम तापलेलं, एक-दीड मिनिट, कडा जरा पिवळसर झाल्या की बाहेर. लालसर रंग दिसला म्हणजे उशीर झाला. आणि थेट मिठाच्या गरम पाण्यात, टिपकागदावर नाही. टिपकागदावर दोन मिनिटं राहिलं तरी साल घट्ट होते.

सायली_हडपसर
पण शेवटी घातलं तर पनीर फिकं लागतं ना? रस्सा चमचमीत आणि तुकडा चावला की आत नुसतं दूध. माझ्या नवऱ्याची हीच तक्रार. म्हणून मी लवकर घालते, मुरावं म्हणून. मग कडक होतं. दोन्ही कसं साधायचं?

कढईवाले_काका
सायलीताई, नेमकं इथेच अडतं. पनीरमध्ये मीठच नसतं हो, पाकिटातल्याही आणि घरच्याही. आणि उकळल्याने चव आत जाते असंही नाही, उलट आवळताना ते पाणी बाहेर टाकत असतं. म्हणून भिजवायच्या पाण्यात मीठ घालायचं. पाव किलो पनीरला दोन वाट्या पाणी आणि लहान चमचाभर मीठ. पाणी चाखलं तर आमटीइतकं खारट लागलं पाहिजे. ते पाणी ओतू नका, रश्शाला तेच वापरा, फक्त रश्शात वेगळं मीठ घालताना हात आखडा.

दुसरं, रस्सा पूर्ण होऊ द्या. तेल सुटलं, कच्चा वास गेला, मटार शिजले, क्रीम घालायचं ते घातलं, की मग पनीर. मंद गॅसवर तीन-चार मिनिटं, एक बारीक बुडबुडा दिसला की गॅस बंद. झाकण ठेवून वीस मिनिटं हात लावायचा नाही. मुरतं ते त्या वीस मिनिटांत, उकळीशिवाय. मेसमध्ये तर मी गॅस बंद करूनच पनीर घालायचो, कारण मोठं पातेलं अर्धा तास स्वतःच्या धगीवर चालतं. घरच्या छोट्या कढईला ते जमत नाही, ती लगेच निवते.

धांदल
पोळ्या झाल्या. वीस मिनिटं थांबायला वेळ कोणाला असतो काका, सात पस्तीसला मुलीची बस आहे.

कढईवाले_काका
मग रात्री करून ठेवू नका, सकाळी पाणी गरम करून पनीर त्यात टाका आणि मग कांदा चिरायला घ्या. रस्सा होईपर्यंत पनीर तयार. मुरायचं ते डब्यात मुरेल.

धांदल
हे जमेल 👍

पावसाळी
माझ्या घरात सगळे कमी फॅटवाले झालेत. ते पनीर भिजवा, तळा, काहीही करा, खोडरबर. मी हरले.

कढईवाले_काका
त्याला इलाज नाही. मऊपणा तुपातून येतो, तेच काढून घेतलं तर पाणी तरी काय करणार. तसं पनीर किसून पराठ्यात घाला. रश्शासाठी म्हशीच्या सायीसकट दुधाचं घ्या, थोडं कमी खा.

गोखलेनगरचा_भाऊ
बाजारात हल्ली वनस्पती तेलाचं पनीर पण येतं म्हणे. आयोडीनचा थेंब टाकला की कळतं.

सायली_हडपसर
आयोडीनने पिठाची भेसळ कळते, निळं होतं. तेलाचं नाही कळत त्याने. पाकिटावर घटक वाचायचे, तिथे दुधाव्यतिरिक्त तेल लिहिलेलं दिसलं की परत ठेवायचं. सुट्टं घेताना मात्र डेअरीवाल्यावर भरवसा.

पेठेतली_मुग्धा
आज करून पाहिलं, म्हणून लिहितेय. २०० ग्रॅमचं पाकीट, सारखे तुकडे, तीन वाटे केले. पहिला न तळता, काकांनी सांगितलं तसा गॅस बंद केलेल्या मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं. दुसरा मिनिटभर तळून लगेच त्याच पाण्यात. तिसरा तळून तसाच ताटलीत. तिन्हींना रश्शात चार मिनिटं, मग झाकण. ओळखू यावेत म्हणून तिसऱ्याचे तुकडे त्रिकोणी कापले होते, पहिल्याचे लांबट.

बोटांत दाबून पाहिलं. दुसऱ्या वाट्याचा तुकडा स्पंजसारखा दबला, रस्सा बाहेर आला, आणि सोडल्यावर परत फुगला. पहिला सगळ्यात मऊ, पण दाबल्यावर एका कोपऱ्याला भेग गेली. तिसऱ्याची साल दाताला लागत होती, आत बरा होता. म्हणजे चार मिनिटंच शिजवल्यामुळे तो खाता तरी आला. मीठ मात्र पहिल्या दोन्हींत आतपर्यंत लागत होतं, तिसऱ्यात अजिबात नाही.

मुलाला पहिला आवडला, नवऱ्याला दुसरा.

सायली_हडपसर
त्रिकोणी कापायची युक्ती आवडली! मीठ आतपर्यंत जातं हे वाचून आजच करते.

वारजे_मावशी
मी तर दुधात भिजवते, पाण्यात नाही. माझी बहीण सांगते दुधाने जास्त मऊ होतं.

कढईवाले_काका
मावशी, मला तरी फरक जाणवला नाही. पण मेसला दुधात भिजवणं परवडणारं नव्हतं, त्यामुळे दोन-तीनदाच केलंय. कुणी दोन्ही शेजारी शेजारी करून पाहिलं तर लिहा.

निनाद_औंध
उरलेल्या भाजीचं काय? ऑफिसात मायक्रोवेव्हला दोन मिनिटं लावली की परत रबर. तिसरा कडकपणा हाच ना?

कढईवाले_काका
हाच. पनीर चमच्याने बाजूला काढा, रस्सा तेवढा गरम करा, कडकडीत झाला की पनीर त्यात बुडवून झाकून ठेवा. पाच मिनिटं.

निनाद_औंध
ऑफिसात मायक्रोवेव्हच्या रांगेत पाच मिनिटं मागचे लोक देत नाहीत काका.

चाफेकळी
डबा घेऊन टेबलावर जा आणि तिथे झाकून ठेव की. रांगेत कशाला थांबायचं?

निनाद_औंध
अरे हो.

चाफेकळी
मुग्धा, आईंना खाऊ घातलंस का त्यातलं?

पेठेतली_मुग्धा
आई आता नारायण पेठेत दादाकडे असते, तिचे दात गेलेत. पहिल्या वाट्यातले चार तुकडे रश्शासकट डब्यात भरलेत, न तळलेले. संध्याकाळी नेऊन देते.