रॅकच्या पट्ट्याही मोजा

"१० फुटी भिंतीला ३ फुटाचे ३ रॅक, बाकी १ फूट रिकामा ठेवावा"

इथेच मीपण फसलो होतो. घणसोलीत माझं चपलाबुटांचं छोटं दुकान आहे, भिंत तेवढीच. रॅक ३६ इंची म्हणतात पण दोन्ही बाजूंच्या अँगलच्या पट्ट्या दीड-दीड इंच खातात, आत उरतात ३३. जेन्ट्स बुटांचा बॉक्स साडेआठ इंच रुंद, म्हणजे तीनच बसतात, चौथा फक्त एका इंचासाठी राहतो. फॅब्रिकेटरला सांगून ३९ इंची करून घेतले. आत ३६, चार आरामात, आणि तीन रॅकचे ११७ इंच झाले तरी भिंतीला ३ इंच उरतात, प्लास्टर वाकडं निघालं तर तेवढं लागतंच. पाच खणांत तीन-तीनची थप्पी धरली तर १३५ बॉक्सचे १८० झाले, तेही त्याच भिंतीवर.

उंचीत मात्र कंजूषपणा नको. पाच इंची तीन बॉक्सना बरोबर १५चा खण केलात तर खालचा निघतच नाही, गिऱ्हाईक उभं आणि तुम्ही ओढताय. १६ ठेवा. आणि बॉक्स स्वतः टेपने मोजा, लेडीजचा वेगळा असतो.