मदत हवी आहे : बार्शीहून पुण्याला जावे का?

नमस्कार. मी बार्शीतील एका डाळ मिलमध्ये हिशेबनीस असून माझा पगार १७,००० रुपये आहे. घर स्वतःचे असल्यामुळे खर्च भागवून महिन्याला सुमारे ९,००० शिल्लक पडतात. हिंजवडीतील एका कंपनीने मला वार्षिक ४ लाख २० हजारांचा देकार दिला आहे. आकडा दुपटीचा वाटतो खरा. परंतु त्या ३५,००० मध्येच कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ८०० धरलेले असून, माझा वाटा १,८०० व व्यवसाय कर २०० वजा जाता हाती साधारण ३०,४०० येतील.

वाकडला भागीदारीतील खोली ९,०००, मेस ४,०००, पेट्रोल ३,०००, गावी येणे-जाणे १,५००, किरकोळ २,५०० आणि घरी पाठवायचे ८,००० धरले, तर उरतात केवळ २,४००. निधीत दरमहा ३,६०० साठतील हे मान्य. तरीही ते मिळून आजच्या शिल्लकीपेक्षा कमीच भरतात, आणि खोलीची अनामत वेगळी. पत्नी व मुलीला नेले, तर स्वतंत्र घराचे भाडे पेलणारच नाही. (आई म्हणते, "जाऊन तर बघ", तिला भाडे भरायचे नाही!)

म्हणजे फायदा असलाच, तर तो पुढच्या पगारवाढीत आहे. तेथे सॅपवर काम मिळेल, असे मुलाखतीत सांगितले. पण नेमणूकपत्रात केवळ "लेखा सहायक" लिहिले आहे. लेखा विभागात असे स्थलांतर केलेल्यांनी कृपया सांगावे : नुसती बिले नोंदवण्याचे काम मिळाले, तर दोन वर्षांनी दुसरीकडे पगार वाढतो का? आणि रुजू होण्यापूर्वी कामाचे स्वरूप लेखी मागणे योग्य ठरेल का?