‘प्रत्येक एमएलमध्ये’ की ‘प्रत्येक ५ एमएलमध्ये’? सोलापूरकरांचे अनुभव

धागाकर्ती, जुळे सोलापूर

माझा मुलगा तेव्हा ८ किलोचा होता. उलट्यांसाठी डॉक्टरांनी डॉमपेरिडोन २ एमएल, दिवसातून तीनदा, असे लिहून दिले होते. पहिल्या बाटलीवर ‘प्रत्येक ५ एमएलमध्ये ५ मिलिग्रॅम’ असे छापलेले होते. ती सांडली, म्हणून रात्री दुसऱ्या दुकानातून त्याच औषधाच्या थेंबांची लहान बाटली आणली, तिच्यावर ‘प्रत्येक एमएलमध्ये १० मिलिग्रॅम’ असे होते. पाचाच्या जागी दहा, म्हणजे दुप्पट तीव्र, म्हणून निम्मे द्यावे, असे आम्हा दोघांनाही वाटले. परंतु ती बाटली जेमतेम १० एमएलची होती आणि तीन वेळा २ एमएल दिले तर दोन दिवसही पुरली नसती, हे लक्षात येताच मी थांबले आणि डॉक्टरांना फोन केला. पहिल्या औषधाच्या एका एमएलमध्ये १ मिलिग्रॅम होते, दुसऱ्याच्या एका एमएलमध्ये १०. बाळाला हवे होते २ मिलिग्रॅम, म्हणजे नव्या बाटलीतून फक्त ०.२ एमएल. जुन्या मापाने २ एमएल दिले असते, तर दहापट औषध पोटात गेले असते. आपल्या घरी असे काही घडले असल्यास कृपया लिहावे.

निवृत्त शिक्षक, साखर पेठ

पाचाने भागले की एका एमएलचा आकडा मिळतो, एवढेच नातवंडांच्या औषधांसाठी पुरते. ५ एमएल म्हणजे घरातला एक चमचा, हे मी अनेक वर्षे वापरत आलो आहे.

औषधविक्रेता, सात रस्ता

सर, भागाकार बरोबर आहे, पण त्याआधी ‘प्रत्येक’ या शब्दापुढे काय छापले आहे ते पाहावे लागते, कारण थेंबांच्या बाटलीवर तो आकडा बहुधा एकाच एमएलचा असतो आणि तिथे पाचाने भागले तर औषध पाचपट दिले जाईल. चमचे घरोघरी लहानमोठे असतात. थेंब म्हणजे नेहमीच दहापट, असेही नाही. पॅरासिटामॉलचे थेंब एका एमएलमध्ये १०० मिलिग्रॅमचे आणि सिरप ५ एमएलमध्ये १२५ मिलिग्रॅमचे असेल, तर फरक चौपट आहे.

एक आजी, अशोक चौक

मला तेलुगू वाचता येते, बाटलीवरचे इंग्रजी नाही. त्यामुळे मी टोपणाने मोजते. थेंबांच्या बाटलीवर थोरल्या नातवाच्या सिरपचे टोपण चुकून बसवले गेले होते, ते सुनेने पाहिले. आता प्रत्येक बाटलीचे माप तिच्याच खोक्यात राहते.

एक बाबा, होटगी रस्ता

आमच्या मुलीला डॉमपेरिडोनचेच थेंब जास्त दिले गेले. तासाभरात ती सुस्त झाली आणि मान एका बाजूला वळू लागली. आम्ही बाटलीसकट रुग्णालय गाठले, म्हणून डॉक्टरांना किती गेले ते लगेच मोजता आले.

मधुमेही वाचक, विजापूर रस्ता

०.२ एमएलसाठी माझी इन्सुलिनची सिरिंज चालेल का? तिच्यावर ४० युनिट म्हणजे १ एमएल आहे.

औषधविक्रेता, सात रस्ता

हिशेबाने ८ युनिट होतात, परंतु घरात १०० युनिटची सिरिंजही असली तर तोच ८ दुसरे माप दाखवेल. सुई नसलेली, एमएलच्या खुणांची १ एमएलची सिरिंज घ्यावी.

धागाकर्ती, जुळे सोलापूर

आमच्या ड्रॉपरवर ०.२ ची खूणच नव्हती, त्यावरची सर्वांत लहान खूण ०.५ ची होती. इतरांच्या ड्रॉपरवर ०.२ ची खूण आहे का?